बिचारी लाईट आणि आपला पेन ड्राईव्ह

प्रेझेंटेशनच्या दिवशी 'सर, फाईल करप्ट झाली' हे वाक्य ऐकलं नाही असा एकही सेमिस्टर जात नाही. कारण विचारलं की उत्तर तयार असतं, 'लाईट गेली होती!' बारामती असो की इंदापूर, लाईटला दोष दिला की कोणी उलटतपासणी करत नाही. माझं मत मात्र वेगळं आहे. लाईट जाते तेव्हा सहसा फार तर दहा मिनिटांचं काम जातं. अख्खी फाईल घालवतो तो आपला पेन ड्राईव्ह.

पॉवरपॉईंट चालू असताना, आपण काही बदलत असलो की, साधारण दर दहा मिनिटांनी एक प्रत कॉम्प्युटरवर बाजूला ठेवतो. लाईट गेली, मशीन बंद पडलं, की पुन्हा उघडल्यावर तो ही प्रत स्वतःहून समोर आणतो. घाईत 'Don't Save' दाबलं असेल तरी `File > Info > Manage Presentation > Recover Unsaved Presentations` इथे बघावं. नवीन, एकदाही सेव्ह न केलेल्या फाईलची प्रत तिथे साधारण चार दिवस राहते. `File > Options > Save` मध्ये जाऊन दहाचे दोन मिनिटे करून ठेवले तर नुकसान आणखी कमी.

पण ही प्रत त्याच मशीनवर असते, आणि आपण नीट सेव्ह करून फाईल बंद केली की पुसली जाते. म्हणजे लॅबमध्ये केलेल्या कामाची प्रत होस्टेलच्या लॅपटॉपवर शोधण्यात काहीच अर्थ नाही!

आमच्या मजल्यावरच्या एका मित्राचंच उदाहरण घ्या. विषय नीरा डावा कालवा. फोटो इंदापूरकडचे, त्याने स्वतः काढलेले. लॅबमध्ये पेन ड्राईव्हवरूनच फाईल उघडली, सेव्ह केली, आणि तास संपला म्हणून पेन ड्राईव्ह उपसला. रात्री बघतो तर १८ एमबीची फाईल ११ एमबी! पॉवरपॉईंटने `Repair` विचारलं, तेही फसलं.

का फसलं? `.pptx` म्हणजे खरं तर एक झिप आहे. आत प्रत्येक स्लाईडची वेगळी फाईल, फोटोंचा वेगळा फोल्डर, आणि या सगळ्याची अनुक्रमणिका सर्वात शेवटी. लिहिणं अर्धवट तुटलं की आधी जाते ती अनुक्रमणिका. पुस्तक बरंचसं शाबूत, पण पॉवरपॉईंटला पान सापडत नाही.

म्हणून आम्ही आधी त्या फाईलची एक कॉपी हार्ड डिस्कवर घेतली. मूळ फाईलवर पुन्हा काही सेव्ह करायचं नाही, हा पहिला नियम. कॉपीचं नाव बदलून शेवटी `.zip` केलं आणि ती सेव्हन-झिपमध्ये उघडली. डेटा अपुरा असल्याची तक्रार त्याने केली, पण आतल्या फाईली दाखवल्या. `ppt/slides` मधल्या सगळ्या स्लाईड्स मिळाल्या. नोटपॅडमध्ये उघडल्यावर मजकूर असा दिसतो:

```
<a:t>नीरा डावा कालवा</a:t>
```

`ppt/media` मधले शेवटचे काही फोटो मात्र गेले. ते मोबाईलमध्ये होते म्हणून निभावलं. मांडणी पुन्हा करावी लागली, रात्रीचे दोन वाजले.

फाईल ० केबी दाखवत असेल तर यातलं काहीच चालत नाही. तेव्हा पेन ड्राईव्हवर `ppt` ने सुरू होणारी, `.tmp` ने संपणारी मोठी फाईल आहे का ते बघावं. तिची कॉपी करून शेवट `.pptx` करावा, कधी कधी तीच आपली प्रत निघते. `~$` ने सुरू होणारी छोटी फाईल म्हणजे बॅकअप नव्हे. फाईल कोणी उघडली आहे एवढीच नोंद तिच्यात असते, तिच्यामागे वेळ घालवू नका.

हीच फाईल गुगल ड्राईव्हवर असती तर? राईट क्लिक करून `Manage versions` उघडायचं आणि आधीची प्रत डाऊनलोड करायची. पाच मिनिटांचं काम! मात्र अपलोड केलेल्या पीपीटीच्या जुन्या प्रती तिथे ३० दिवसांनी किंवा १०० प्रती झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात. महत्त्वाच्या प्रतीवर `Keep forever` लावावं. आणि नेट नसताना केलेले बदल अपलोड होईपर्यंत तिथे नसतात, हेही ध्यानात असू द्या.

सर-मॅडमना एक विनंती. प्रोजेक्टच्या ग्रुपकडून सुरुवातीलाच ड्राईव्हवरच्या फाईलची लिंक घ्यावी. मग 'करप्ट झाली' म्हणणाऱ्याला एवढंच विचारता येईल, 'कालची प्रत दाखव.' खरा असेल तो दाखवेल. आणि मित्रांनो, पेन ड्राईव्ह प्रेझेंटेशन नेण्यासाठी वापरा, त्याच्यावर बसून काम करू नका. हार्ड डिस्कवर काम, शेवटी कॉपी, `Eject`, मग बाहेर. लाईटला उगाच बदनाम करू नका, तिच्या नावावर आधीच बरंच काही आहे!