पन्नाशीत धंदा सुरू करताय? पीएफमधली पेन्शन मोडू नका

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, दुकानात, गोडाऊनमध्ये पंधरा-वीस वर्षं काढून पन्नाशीला स्वतःचा धंदा सुरू करणारे बरेच जण आहेत. बचत कशी? थोडी भिशी, थोडं सोनं, एखादी अर्धवट पॉलिसी आणि दोन-तीन ठिकाणचं पीएफ. भांडवल कमी पडलं की पहिला हात पीएफवर जातो. माझं मत स्पष्ट आहे: पीएफचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण त्यातली पेन्शन मोडू नका.

तुमच्या पीएफ पासबुकात शेवटचा एक रकाना पेन्शनचा असतो. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये, तिथे जातात. त्यावर व्याज दिसत नाही, म्हणून लोकांना तो पैसा पडून आहे असं वाटतं. पण इथे रक्कम नाही, वर्षं मोजतात. नोकरीची एकूण 10 वर्षं भरली की 58 व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन.

आता हिशोब बघा. समजा, एकाने 2015 ते 2021 कारखान्यात 6 वर्षं आणि नंतर दुकानात 5 वर्षं काढली. पगार 15,000. दोन्ही खाती वेगळी राहिली तर प्रत्येकात 10 पेक्षा कमी वर्षं दिसतात. मग तो दोन्हीकडे फॉर्म 10सी भरून पैसे काढतो. वर्षाला साधारण एक पगार धरा, म्हणजे हातात सुमारे 1,65,000 येतात आणि विषय संपतो.

तीच खाती जोडली तर 11 वर्षं होतात. सूत्र असं:

```
15000 × 11 ÷ 70 = 2357
```

महिन्याला 2,357, वर्षाला 28,284. सहा वर्षांच्या आत काढलेली रक्कम वसूल, पुढचं सगळं वर. तुमच्यानंतर बायकोला निम्मी पेन्शन मिळते ती वेगळीच. 50 नंतर लवकर सुरू करता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे 4-4 टक्के कापतात. घाई नको.

काम काय करायचं? पीएफच्या पोर्टलवर `Service History` उघडा. एखादी जुनी नोकरी दिसत नसेल तर जुना पीएफ नंबर शोधा आणि खातं ट्रान्सफर करा. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसला तर घाबरू नका, वर्षं पुढे येतात, रक्कम नाही. एकूण 10 वर्षं भरत नसतील तर त्याच 10सी फॉर्मवर पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. पुढे कुठे नोकरी केली तर ती वर्षं त्यात मिळवता येतात.

2,357 मध्ये घर चालत नाही, मान्य. पण अटल पेन्शनचं दार चाळिशीलाच बंद होतं. म्हणून ही पेन्शन पाया धरा, आणि धंद्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम एनपीएसमध्ये टाका. भांडवल कमी पडतंय? मग दुकान एक गाळा लहान घ्या.