रक्तनमुन्यांचा क्रम आणि घड्याळाची नोंद

संपादक महाशय,


'प्रयोगशाळेत ज्याचा नमुना आधी आला, त्याचाच आधी तपासावा' हा सौंसरच्या पत्रलेखकांचा आग्रह मला मान्य नाही. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात दगड लागून रक्तबंबाळ झालेला इसम पांढुर्ण्यास दाखल होतो, तेव्हा रक्तगट व रक्तजुळणीसाठी आलेला त्याचा नमुना सकाळपासून ठेवलेल्या थायरॉईडच्या नमुन्यापुढे घेणे हा पक्षपात नव्हे. कारण थायरॉईडचा अहवाल सायंकाळी मिळाल्याने काही बिघडत नाही.

तथापि मागे ठेवलेला प्रत्येक नमुना असा सोशिक नसतो. साध्या नळीत न विलगलेल्या रक्तातील पेशी साखर खातच राहतात आणि सामान्य तापमानात ती ताशी सुमारे ५ ते ७ टक्के घटते. सौंसरला सकाळी ७ वाजता घेतलेल्या नमुन्यात ११० असलेली साखर ११ वाजता ८५ च्या आसपास भरेल आणि यंत्र निर्दोष असूनही अहवाल खोटा ठरेल. म्हणून सुई टोचल्याची, नमुना पोहोचल्याची आणि तपासणीस घेतल्याची अशा तिन्ही वेळा त्या त्या क्षणी, घड्याळ पाहून, स्वतंत्र लिहिल्या पाहिजेत. एकाच वॉर्डातील सर्व चिठ्ठ्यांवर '७.००' आढळले, तर ती वेळ मागाहून, अंदाजाने भरली असे खुशाल समजावे व वॉर्डाकडे तत्काळ विचारणा करावी.

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पांढुर्णा