शेऱ्याला क्रियापद लावा

थीसिसच्या समासात गाइडनं लिहिलेले इंग्रजी शेरे खचलेल्या पोराला मराठीत समजावून सांगायचे म्हटलं, की आपल्याकडे दोनच प्रकार चालतात. एक शब्दकोशी: ‘नॉव्हेल्टी?’ म्हणजे ‘नावीन्याचा अभाव’. दुसरा मायाळू: ‘अरे, सर तुझ्या भल्यासाठीच बोलतात.’ दोन्हींचा उपयोग शून्य. पहिल्यानं तोच फटका पुन्हा बसतो, यावेळी मातृभाषेत. दुसऱ्यानं चौथं प्रकरण आहे तिथंच राहतं.

‘एम.टेक.च्या मुलाला इंग्रजी कळत नाही का?’ असं कुणीतरी विचारतंच. कळतं की! आख्खा थीसिस त्यानं इंग्रजीतच लिहिलाय. अडचण शब्दार्थाची नाहीच. शेरा घाईत लिहिलेला असतो आणि त्यात क्रियापद नसतं. ‘अनक्लिअर.’ ‘वीक.’ ‘सो व्हॉट?’ कुठे काय करायचं ते गाइडच्या डोक्यात राहतं, कागदावर उरतो नुसता निकाल. म्हणून भाषांतर करायचं ते शेऱ्यामागच्या कामाचं. वाक्याच्या शेवटी ‘तपास’, ‘मोज’, ‘लिही’, ‘काढून टाक’ यांतलं काहीतरी आलंच पाहिजे.

माझ्या मामेभावाचं उदाहरण घ्या. टोमॅटोच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचा, हा त्याचा विषय. जुन्नरकडच्या शेतांत फिरून त्यानं 400 पानांचे फोटो काढले. तेवढे पुरेनात, म्हणून प्रत्येक फोटो फिरवून, उलटवून, उजेड कमीजास्त करून आणखी चार प्रती केल्या. झाले 2000. ते सगळे एकत्र पिसून 1600 मॉडेलला शिकवायला दिले आणि 400 परीक्षेला ठेवले. अचूकता आली 98 टक्के. त्यावर गाइडचा शेरा: ‘रिझल्ट्स टू गुड. लीकेज?’ याला वाटलं, सर आपल्याला चोर म्हणतायत. तीन आठवडे त्यानं फाइलच उघडली नाही.

मी त्या शेऱ्याचं मराठी असं केलं: ‘एकाच पानाच्या प्रती दोन्हीकडे गेल्यात का, ते तपास. गेल्या असतील तर आधी पानं वाट, मग प्रती काढ. येईल तो आकडा लिही.’

लीकेज हा आरोप नसतो. परीक्षेतली माहिती शिकवणीत झिरपली, एवढाच त्याचा अर्थ. आणि इथं ती झिरपलीच होती. परीक्षेतला कोणताही एक फोटो घ्या. त्याच्या चारही भावंडांनी परीक्षेतच असण्याची शक्यता 0.2 चा चौथा घात, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाही. थोडक्यात, जवळजवळ प्रत्येक प्रश्न गृहपाठात येऊन गेलेला. मॉडेल करपा ओळखायला शिकलं की नुसतं ते पान लक्षात ठेवलं, हे त्या 98 वरून कळूच शकत नाही.

उपाय दीड दिवसाचा होता. 320 पानं शिकवायला, 80 परीक्षेला, आणि प्रती फक्त त्या 320 पानांच्या. (प्रती आधीच झाल्या असतील, तर scikit-learn मधलं `GroupShuffleSplit` पानाचा क्रमांक धरून वाटणी करून देतं.) अचूकता 81 वर आली. पोरगं पुन्हा हिरमुसलं, ‘दादा, हे तर कमी झालं.’ झालंच. पण 98 वर व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली असती. 81 कुठून आले, ते तो आता सांगू शकतो.

‘नॉव्हेल्टी?’चं भाषांतर मात्र सोपं निघालं: ‘इतरांनी केलं त्यापेक्षा तू वेगळं काय केलंस, ते पहिल्या प्रकरणाच्या शेवटी एका वाक्यात लिही.’ या विषयात बरेच जण प्लँटव्हिलेज हा फोटोसंग्रह वापरतात. त्यातली पानं बहुतेक तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली. याचे फोटो शेतातले: सावली, धूळ, मागे दुसरी पानं. वेगळेपण होतं, लिहिलेलं नव्हतं.

आता मायाळू मंडळींसाठी. सौम्य करणं म्हणजे भाषांतर नव्हे. ‘चौथं प्रकरण पुन्हा कर’ याचं ‘जरा हात फिरव’ केलंत, तर पोराचे दोन महिने जातील आणि शिव्या गाइडला बसतील.

आणि जिथं अर्थ दोन निघतात, तिथं अंदाज लावू नका. ‘डिस्कशन इज थिन’ म्हणजे चुकलेल्या फोटोंची कारणं शोधायची, की आधीच्या संशोधनाशी तुलना वाढवायची? दोन ओळींचा ईमेल टाकायचा: ‘सर, मी आधी चुकलेल्या फोटोंचं विश्लेषण जोडतोय. आपल्याला हेच अपेक्षित आहे की तुलना?’ अशा प्रश्नाला उत्तर देणं गाइडलाही सोपं जातं. ‘सर, काय करू?’ला मिळेलच असं नाही.

राहिला ‘पुअर’. पान 37, पूर्ण परिच्छेदाला लाल कंस आणि एवढा एकच शब्द. याचं मराठी मी करून दिलेलं नाही. त्यात काम सापडतच नाही, मग भाषांतर कशाचं करायचं? तो परत पाठवायचा, पान क्रमांकासकट, आणि विचारायचं: सर, इथं काय बदलू?