सर, पगाराबद्दल बोलायचं होतं...

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. तालुक्याच्या गावात शेती-अवजारांच्या एका एजन्सीत हिशेब सांभाळणारी माझी मैत्रीण संध्याकाळी घरी आली ती खुशीतच. म्हणाली, "अगं, नव्या कायद्यानं आमचा पगार वाढला! बेसिक पाच हजाराचं सात हजार झालं." मी म्हटलं, "छान. मग हातात किती आले?" तिनं पगाराची चिठ्ठी काढली आणि गप्पच बसली. हातात २४० रुपये कमी आले होते.

मैत्रिणींनो, हा घोटाळा सध्या अनेकींचा होतोय, म्हणून आधी तो समजून घेऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातला एक नियम असा की मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी धरता येणार नाही. माझ्या मैत्रिणीचा एकूण पगार १४,००० रुपये. त्यात मूळ पगार ५,००० आणि बाकीचे ९,००० भत्ते असं दाखवलेलं होतं. आता मूळ ७,००० आणि भत्ते ७,००० झाले. बेरीज मात्र तीच, १४,०००! पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के कापला जायचा. तो ६०० चा ८४० झाला, म्हणून हातात कमी आले. हे पैसे बुडाले नाहीत बरं का. मालकाचा वाटाही तेवढाच वाढतो आणि सगळं आपल्याच पीएफ-पेन्शनमध्ये जातं. पण याला पगारवाढ म्हणत नाहीत. डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात गेले, इतकंच.

थोडक्यात, कायदा किमान वेतनाचा तळ ठरवतो आणि पगाराची फोड बदलतो. त्या तळाच्या वर किती वाढ द्यायची, हे मालकानंच ठरवायचं असतं. म्हणजे ती मागावी लागते. आणि इथंच आपली गाडी अडते. आपण एक तर वर्षानुवर्षं गप्प बसतो, नाही तर एक दिवस डोळ्यांत पाणी आणून "सर, एवढ्यात भागत नाही हो" म्हणतो. भागत नाही हे खरंच असतं. पण साहेबांच्या लेखी ती आपली घरची अडचण होते आणि उत्तर मिळतं, "बघू, दिवाळीला काहीतरी करू." मागणी कामाची असेल, तर उत्तरही कामाचं द्यावं लागतं.

मग आम्ही दोघी एका रविवारी वही घेऊन बसलो. पहिला प्रश्न, १४,००० ठरले कधी? २०२२-२३ साली. तेव्हा तिचं काम काय होतं? बिलं करणं आणि कॅशबुक लिहिणं. आता काय आहे? त्यात दोन कामं नव्यानं आली. जीएसटीची विक्रीची माहिती दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत तीच भरते. पूर्वी यासाठी बाहेरच्या सल्लागाराला महिन्याला १,५०० रुपये द्यावे लागत, ते वाचले. दुसरं म्हणजे थकलेली वसुली. तीन महिन्यांहून जुनी उधारी सहा लाखांवर होती. तिनं दर सोमवारी गिऱ्हाइकांना फोन करायचं ठेवलं आणि वर्षभरात ती साडेतीन लाखांवर आली. हे आकडे तिला तोंडपाठ नव्हते, जुन्या खात्यातून काढावे लागले. "मी खूप मेहनत करते" या वाक्याला साहेब मान डोलावतात. "सहाचे साडेतीन झाले" म्हटलं की मात्र ते वही पुढं ओढतात.

दुसरा प्रश्न, मागायचे किती? सरकारी आकड्यांप्रमाणे किरकोळ महागाई २०२३-२४ साली सरासरी ५.४ टक्के आणि २०२४-२५ साली ४.६ टक्के वाढली. या दोनच वर्षांचा हिशेब केला, तर तेव्हाचे १४,००० म्हणजे सुमारे १५,४०० होतात. एवढे मिळाले तर ती फक्त जुन्या जागेवर परत येते. त्याच्या वरचं ते वाढलेल्या कामाचं. म्हणून तिनं १७,५०० हा आकडा धरला. "आता तर महागाई खाली आलीय" असं कुणी म्हटलं, तर लक्षात ठेवा, महागाईचा दर खाली येणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. भाव वाढायचा वेग कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रश्न वेळेचा. ११ तारखेच्या गडबडीत नाही, पगाराच्या दिवशी नाही आणि चार माणसांसमोर तर नाहीच. नव्या वर्षाचा खर्च मार्चमध्ये ठरतो, म्हणून तिनं फेब्रुवारीअखेर आधी विचारून ठेवलं, "सर, माझ्या कामाबद्दल आणि पगाराबद्दल बोलायचं होतं. उद्या पंधरा मिनिटं मिळतील का?" त्यामुळे साहेबही तयारीनं बसले.

ती जे बोलली ते जवळजवळ असं. "सर, माझा पगार २०२२-२३ मध्ये ठरला. त्यानंतर जीएसटीचं आणि वसुलीचं काम माझ्याकडे आलं. त्याचा तपशील या कागदावर आहे. हे काम आणि मधल्या वर्षांतली महागाई धरून एप्रिलपासून एकूण पगार १७,५०० करावा, अशी माझी विनंती आहे. तुम्हाला काय वाटतं?" आणि मग ती थांबली. हे थांबणं फार अवघड असतं. समोरचा क्षणभर गप्प बसला की आपणच घाईनं म्हणतो, "नाही, म्हणजे पंधरा केले तरी चालतील." तिथंच अडीच हजार जातात.

साहेब म्हणाले, "यंदा धंदा मंदा आहे." ती वादात पडली नाही. "नोकरी सोडीन" असंही म्हणाली नाही, कारण सोडायची नव्हतीच. पोकळ धमकी एकदा उघडी पडली की पुढच्या वेळी खऱ्या बोलण्यालाही वजन राहत नाही. तिनं विचारलं, "मग आत्ता किती करता येईल? आणि उरलेल्याचा विचार कधी करू या?" शेवटी १६,५०० ठरले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बसायचं ठरलं. घरी यायच्या आधी तिनं साहेबांना दोन ओळींचा निरोप पाठवला, "आज ठरल्याप्रमाणे एप्रिलपासून एकूण पगार १६,५०० आणि सप्टेंबरमध्ये फेरविचार. धन्यवाद, सर." त्यात "एकूण" हा शब्द मुद्दाम घातला होता. का, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल!

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. "शेजारच्या टेबलावरच्या भाऊंना जास्त आणि मला कमी का?" याने पगारवाढीचं बोलणं सुरू केलं, तर चर्चा तुमच्या कामावरून भाऊंवर जाते. पण काम खरोखर तेच असेल आणि फरक केवळ बाई म्हणून असेल, तर ती विनंतीची बाब उरत नाही. एकाच किंवा सारख्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून पगारात भेद करायला वेतन संहितेत बंदी आहे. तो मुद्दा स्वतंत्रपणे आणि लेखी मांडायचा. नव्या संहितांनी नेमणूकपत्रही सक्तीचं केलंय. तुमच्याकडे नसेल तर ते आधी मागून घ्या. त्यात तुमचं पद आणि पगार लिहिलेला असतो आणि पुढच्या वेळी वही उघडाल तेव्हा पहिली ओळ तिथूनच लिहायची असते.