पत्ता सांगणाऱ्याचे काम

बदलापूर स्थानकाच्या पूर्वेस कात्रप नावाची वस्ती आहे. एके काळी येथे लहानसे गाव होते आणि त्याच्याभोवती शेते पसरलेली होती. आज त्या शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि अजूनही राहत आहेत. स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्याला 'कात्रप' एवढे म्हटले, तरी तो उतारूला तेथपर्यंत बिनचूक नेतो. पेट्रोल पंपाचा थांबा तर सर्वांच्याच ओळखीचा आहे. खरी अडचण सुरू होते ती त्याच्या पुढे, नव्या इमारतींच्या गल्ल्यांत.

या गल्ल्यांना बहुधा नावे नसतात. नाव असले, तर पाटी नसते. इमारतीच्या कागदांवर 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक' असे लिहिलेले असते. परंतु हे क्रमांक मुळात शेताचे असतात. ते जमिनीच्या दप्तरात सापडतात, रस्त्यावर दिसत नाहीत. आणि रस्त्याने जाणाऱ्याला ते ओळीने लागतील, असेही नाही. राहिले इमारतीचे नाव. पण साईकृपा, साईदर्शन, साईधाम अशी सारखीच नावे जागोजाग आढळतात. अशा ठिकाणी रिक्षावाल्याला खुणांवरूनच वाट सांगावी लागते. ती सांगणे सोपे आहे, असे पुष्कळांना वाटते. मात्र एका घरी घडलेला प्रसंग पाहिला, म्हणजे हा समज किती चुकीचा आहे, हे ध्यानात येते.

आषाढातील एका संध्याकाळी कर्जतहून एक आजी लेकाच्या नव्या घरी प्रथमच येत होत्या. पाऊस कोसळत होता. त्यांनी स्थानकावर रिक्षा केली आणि रिक्षावाल्याच्या हाती फोन दिला. पलीकडून त्यांच्या मुलाने सांगितले, "पंपाच्या पुढे या. निळ्या पत्र्यांच्या कुंपणाशेजारी उजवीकडे वळा. तिथेच नवीन इमारत आहे." अर्ध्या तासानंतरही रिक्षा पोहोचली नाही. तेव्हा मुलगा चिडून म्हणाला, "या रिक्षावाल्यांना रस्तेच माहीत नसतात!"

हा आरोप न्याय्य होता काय? त्याने सांगितलेली एकेक खूण तपासून पाहावी. 'पंपाच्या पुढे' म्हणजे कोणीकडून येताना पुढे? रस्ता दोन्ही बाजूंना जातो. ज्या बाजूने यावे, तिच्यापलीकडचे ते पुढे. 'उजवीकडे' या शब्दाचेही तसेच आहे. तोंड फिरले की उजवे डावे होते. निळे पत्रे बांधकाम चालू असेतोवरच असतात. ते गेल्याच आठवड्यात काढले होते, हे मुलाच्या लक्षातही आले नव्हते. आणि 'नवीन इमारत' ही तर खूणच नव्हे, कारण त्या भागात जुनी इमारतच विरळा! रिक्षावाला सांगितल्याप्रमाणेच फिरत होता. वाट चुकली होती ती सांगणाऱ्याच्या शब्दांत.

इतक्यात घरातील बारा वर्षांच्या मुलीने फोन हाती घेतला. तिने आधी काही सांगितले नाही, आधी विचारले, "काका, पंप आत्ता तुमच्या कोणत्या हाताला आहे?"

"डाव्या हाताला, ताई."

"मग तोंड आहे तसेच ठेवून सरळ या. दोन गतिरोधक लागतील. दुसरा ओलांडला की लगेच उजव्या हाताला पार बांधलेला पिंपळ आहे. त्या गल्लीत वळा. पिठाची गिरणी दिसली, तर एक गल्ली पुढे गेलात असे समजा. गल्लीत डाव्या हाताचे तिसरे फाटक आमचे. मी तिथे बत्ती घेऊन उभी राहते."

पाच मिनिटांत आजी घरी पोहोचल्या.

मुलीने काय निराळे केले? पहिली गोष्ट म्हणजे तिने वाट आपल्या घरापासून नव्हे, तर रिक्षा उभी होती तेथून सुरू केली. दुसरी गोष्ट, तिने वळणावरची खूण निवडली. जवळच पाण्याची उंच टाकी होती. ती दुरून दिसते आणि दिशाही दाखवते, परंतु नेमके कोणत्या गल्लीत वळावे, हे ती सांगू शकत नाही. वळणाला खूण हवी ती अगदी वळणावरचीच. शिवाय ती रात्री व पावसातही कळली पाहिजे. दुकानाची पाटी दिवे मालवल्यावर दिसत नाही. गतिरोधक मात्र अंधारातही चाकाला कळतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिने चुकल्याची खूणही सांगितली. अशी खूण नसेल, तर चुकलेला माणूस आपण बरोबर आहोत असे समजून पुढेच जात राहतो.

यावर कोणी म्हणेल, आता फोनवर नकाशा असताना या खुणा कशाला? नकाशा उपयोगी आहे, यात शंका नाही. पण घराची खूण नकाशावर माणसानेच लावलेली असते. ती फाटकाऐवजी इमारतीच्या मध्यावर पडली, तर नकाशा पाठीमागच्या गल्लीत नेऊन सोडतो. घर भिंतीपलीकडे दिसते, पण आत जायला वाट नसते. अशा वेळी पुन्हा खुणाच सांगाव्या लागतात.

तथापि, केवळ खुणांवर भिस्त ठेवणेही योग्य नाही. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाची राजधानी मनाग्वा येथे पत्ते खुणांवरूनच सांगण्याची रीत आहे. एखादी ठळक खूण घ्यायची आणि तेथून सरोवराच्या दिशेला अमुक इतक्या गल्ल्या, असे सांगायचे. १९७२ च्या डिसेंबरात झालेल्या भूकंपात त्या शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. अनेक खुणा नाहीशा झाल्या, तरी लोक 'पूर्वी जेथे अमुक होते तेथून' असेच पत्ते सांगत राहिले. जुन्या रहिवाशाला ते कळतात; नवख्याने काय करावे? कात्रपचा पिंपळही उद्या रस्ता रुंद करताना जाऊ शकतो. मग 'जेथे पिंपळ होता' ही खूण त्या गल्लीतल्यांनाच तेवढी कळेल.

म्हणून खूण ही पाटी लागेपर्यंतची सोय समजावी. गल्लीच्या तोंडाशी नाव, फाटकाच्या खांबावर क्रमांक आणि दोन्ही रिक्षेतून वाचता येतील एवढी ठळक अक्षरे, एवढे झाले तरी पुरे. गल्लीला नाव देणे हे नगरपालिकेचे काम आहे. परंतु फाटकावर नाव व क्रमांक रंगवणे हे तेथे राहणाऱ्यांचेच काम आहे. आजी पावसात अर्धा तास फिरल्या. त्यांच्या जागी आजाऱ्याकडे निघालेला डॉक्टर असता, तर तो अर्धा तास फार महाग पडला असता. पत्ता शोधणारा नवखा असतो आणि सांगणारा माहीतगार. तेव्हा वाट चुकली, तर रिक्षावाल्याला बोल लावण्यापूर्वी सांगणाऱ्याने आपलेच शब्द तपासून पाहावेत.