शुवैखहून आलेल्या दोन डब्या

कुवेतच्या शुवैख बंदराजवळ काम करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नुकतेच सुट्टीवर आले. येताना त्यांनी घरच्या बायकांसाठी गोरेपणाच्या मलमाच्या दोन डब्या आणल्या. एकीवर ‘क्लिनिकली प्रूव्हन’, दुसरीवर ‘डिटॉक्स’ असे ठळक छापलेले. त्या आम्ही वाचून पाहाव्यात असे वहिनींनी सुचविले.

पहिल्या डबीवर घटकांची पूर्ण यादी होती. अशा यादीत जे सर्वांत जास्त ते प्रथम लिहितात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. ही सीमा कुठे, हे ओळखण्याची खूण म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल. मलम नासू नये म्हणून घालायचा हा पदार्थ युरोपच्या नियमांनुसार एक टक्क्यापेक्षा अधिक चालत नाही. म्हणून त्याच्यानंतर जे येते ते बहुधा नाममात्रच असते. या डबीत नियासिनामाइड त्याच्या नंतर होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ जपानी स्त्रियांनी डागांसाठी लावलेल्या मलमात ते ५ टक्के होते! सिद्ध झाले ते त्या मलमाचे. या डबीचे नव्हे. तरी ही डबी फार तर पैसे खाईल.

दुसरीचे तसे नाही. तिच्यावर यादीच नव्हती, बनविणाऱ्याचा पत्ताही नाही. कोणते विष काढणार तेही लिहिलेले नाही. मात्र बारीक अक्षरात सूचना होती: सोन्याचांदीला लागू देऊ नये. साध्या मलमाला दागिन्यांची भीती कशाला? पारा सोन्याला चिकटतो, म्हणून पाऱ्याच्या मलमांवर अशी सूचना आढळते. यादी असलीच, तर पारा ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरिक आयोडाइड’ अशा नावांनी येतो. अनेकदा मुळीच येत नाही. तेव्हा प्रयोगशाळेवाचून खात्री होत नाही.

पारा त्वचेचा रंग तयार होणे रोखतो, म्हणून चेहरा खरेच उजळतो आणि विश्वास बसतो. पण तो त्वचेतून मूत्रपिंडात जातो. शरीरातील घाण काढण्याचे काम ज्यांचे, त्यांनाच ‘डिटॉक्स’ने इजा! अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे अशा मलमाने बिघडल्याचे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उघड झाले. ती बातमी २०२३ ची. केरळात कोट्टक्कल येथे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण आढळले, त्यांतील १३ जण गोरेपणाचे मलम वापरीत होते. मलम थांबविल्यावर बहुतेकांना उतार पडला.

मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ साली जिनिव्हात ठरविले की २०२५ नंतर पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने बनवू वा आणू-नेऊ नयेत. परंतु प्रवाशाच्या पेटीतली डबी कोण उघडून पाहतो?

वहिनींच्या जाऊबाई अशीच दुसरी डबी दोन महिने लावीत होत्या. त्यांना आम्ही विचारले, लघवीला फेस येतो काय, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज दिसते काय? त्या म्हणाल्या, ‘‘फेस येतो खरा.’’ मलम त्याच दिवशी बंद झाले. सोमवारी त्या लघवीतील प्रथिन तपासायला जाणार आहेत, आणि डॉक्टरांना दाखविण्यासाठी डबीही सोबत नेणार आहेत.