गुडघ्याची वाटी आणि मोजलेले ओझे

दिवस कलले की हुमनाबादच्या पटांगणांवर व्हॉलीबॉलची जाळी ताणली जाते. जाळीजवळ उडी घेऊन चेंडू फटकावणारी उंच मुले पाहताना ती उडी गुडघ्याला किती महाग पडत असेल, हा विचार प्रेक्षकांच्या मनात क्वचितच येतो. बऱ्याच घरांतून मात्र एक तक्रार ऐकू येते. मुलगा खेळायला उतरला की पहिल्या उड्यांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखते, अंग तापले की दुखणे दबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते दुप्पट होऊन परतते. या एकाच दुखण्याविषयी आज वाचकांशी बोलावे, असे आम्ही ठरविले आहे.

गुडघ्याच्या वाटीचे खालचे टोक आणि नडगीचे हाड यांना जोडणारा एक जाड, चिवट दोर असतो. त्यास कंडरा म्हणतात. मांडीच्या पुढील स्नायूंचा सारा जोर या दोरातूनच पायाकडे उतरतो. उडी घेताना तो ताणला जातो आणि उडीनंतर जमिनीवर उतरताना पुन्हा ताणला जातो. असे ताण वारंवार बसत राहिले आणि मधल्या काळात सावरण्यास अवसर मिळाला नाही, तर वाटीच्या टोकाशी त्याची वीण विस्कटते. १९७३ साली अमेरिकी वैद्यकांनी या दुखण्यास ‘जंपर्स नी’, म्हणजे उडी मारणाऱ्याचा गुडघा, असे नाव दिले. नॉर्वेतील वरच्या दर्जाच्या खेळाडूंची २००५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, व्हॉलीबॉलपटूंपैकी शंभरात सुमारे पंचेचाळीस जणांना आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे बत्तीस जणांना हे दुखणे होते.

ते ओळखण्याची खूण सोपी आहे. दुखते कोठे असे विचारताच मुलगा एका बोटाने वाटीच्या खालच्या टोकावर नेमकी जागा दाखवितो. सबंध गुडघाभर तळहात फिरवून ‘येथे, तेथे’ असे सांगणारे दुखणे बहुधा निराळे असते. उडी जितकी जोराची, तितके हे दुखणे अधिक; चालताना मात्र ते बहुधा जाणवत नाही. गुडघ्यात पाणी भरून सूज येणे, गुडघा अडकणे किंवा मुरगळून निसटणे ही याची लक्षणे नव्हेत. तसे झाल्यास वैद्यांकडे जावे. बारा-तेरा वर्षांच्या, झपाट्याने उंची घेणाऱ्या मुलाचे नडगीवरील उंचवट्याशी दुखत असेल, तर तो वाढत्या हाडाचा प्रश्न असतो व त्याचा विचार वेगळा करावा लागतो. उडी घेताना एकाएकी ‘फट्’ असा आवाज होऊन पाय सरळ करता येईनासा झाला, तर दोर तुटला असे समजून तत्काळ इस्पितळ गाठावे.

आता उपचाराकडे वळू. आमच्याकडे दोन टोकांची मते प्रचलित आहेत. एक मत पूर्ण विश्रांतीचे, दुसरे तेल चोळून तसेच खेळत राहण्याचे. विश्रांतीने दुखणे थांबते हे खरे. परंतु काम न मिळालेला दोर त्या काळात अधिक दुबळा होतो आणि खेळ सुरू करताच दुखणे पुन्हा हजर होते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची कथाही तीच. डेन्मार्कमध्ये २००९ साली झालेल्या तुलनेत इंजेक्शन घेतलेल्यांना आरंभी आराम पडला, पण सहा महिन्यांनी ती मंडळी मागे पडली. जड वजन सावकाश उचलणाऱ्यांचा गुण मात्र टिकला. उलट खेळ तसाच चालू ठेवून वर व्यायामाची भर घालणेही निष्फळ ठरते. २००५ साली नॉर्वेतील व्हॉलीबॉलपटूंनी हंगाम चालू असता बारा आठवडे बैठका मारल्या. त्यांना काहीच लाभ झाला नाही. तात्पर्य, दोराला ओझे हवे, परंतु ते मोजून हवे; आणि उड्या हेही ओझेच आहे, ते हिशेबात धरावे लागते.

हा हिशेब कसा ठेवावा, हे एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो. मुलगा सतरा वर्षांचा, संघाचा मुख्य फटकेबाज. आम्ही प्रथम त्याच्या एका मित्रास बसवून सायंकाळभराच्या उड्या मोजविल्या. त्या एकशे चाळीस भरल्या, आणि आठवड्यातून सहा दिवस! पहिले तीन आठवडे त्याने जाळीजवळ उडी घेणे थांबविले व चेंडू उचलून देण्याचे काम पत्करले. त्या काळात खाटेच्या नवारीची रुंद पट्टी खांबाभोवती अडकवून त्याने ती दोन्ही गुडघ्यांच्या मागे घेतली आणि पट्टीच्या आधारावर मागे रेलत, अदृश्य स्टुलावर बसल्यासारखी बैठक पंचेचाळीस सेकंद स्थिर धरली. मध्ये दोन मिनिटे विसावा, अशा पाच खेपा, रोज. न हलता स्नायू ताठ धरल्याने पुष्कळांचे दुखणे तात्पुरते उतरते. परंतु दोर बळकट होण्यास एवढे पुरत नाही.

पुढे एक दिवसाआड वजन घेऊन बैठका. खांद्यावर ज्वारीची पिशवी, खाली जाण्यास चार सेकंद, वर येण्यास चार सेकंद. प्रथम पंधरा बैठकांच्या चार खेपा. आठवडे सरतील तसे वजन वाढवावे व बैठका कमी कराव्या, शेवटी आठ किंवा सहा. घाई हा येथला मोठा दोष होय. भराभर मारलेल्या शंभर बैठकांहून सावकाश मारलेल्या सहा जड बैठका अधिक काम करतात. दोन पायांवर जमले की एका पायावर. उड्या त्यानंतर: आरंभी तीन दिवसांतून एकदा वीस, मग तीस, मग चाळीस. संघातील खेळ सर्वांत शेवटी.

पुढे जावे की थांबावे, हे ठरविण्यासाठी रोज सकाळी एकच परीक्षा घ्यावी. दीड फूट लांबीच्या फळीचे एक टोक सुमारे साडेसात इंच उचलून उतार करावा. टाच उंच बाजूला ठेवून दुखऱ्या पायावर एकदा सावकाश वाकावे आणि दुखण्यास शून्य ते दहापैकी गुण द्यावे. तीनपर्यंत चालेल. कालच्याहून आकडा वाढला, तर कालचे ओझे जास्त झाले असे समजून एक पायरी उतरावे. व्यायामाच्या वेळी किंचित दुखले म्हणून भिण्याचे कारण नाही; निवाडा दुसऱ्या दिवसाच्या सकाळीच होतो.

त्या मुलाची आई पाचव्या आठवड्यात आमच्याकडे आली. ‘सर, दुखणं तर गेलं की. आता सामन्याला सोडू का?’ तिला आम्ही वहीतील आकडे दाखविले. सकाळचा आकडा एकवर आला होता. परंतु दुखऱ्या पायावर सहा बैठका होत, तर चांगल्या पायावर त्याच वजनाने अकरा. दुखणे आधी जाते, बळ मागाहून येते. मुलगा त्या हंगामास मुकला. घरी रुसवा झाला, संघानेही बोल लावले. सातव्या महिन्यात तो पूर्ण खेळू लागला, तोही आठवड्यातून चार दिवस.

सर्वांनाच इतके यश येते असे मात्र नव्हे. नेदरलँड्समधील शहात्तर खेळाडूंवर झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. पायरीपायरीने ओझे वाढविणाऱ्या गटाला अधिक गुण आला. तरी चोवीस आठवड्यांअखेर पूर्वीच्या पातळीवर परतलेले निम्म्याहून कमीच होते. म्हणून तीन महिने नेमाने करूनही आकडा हलला नाही, तर अस्थिवैद्यास दाखवावे. आणि ज्यांचा गुडघा बरा झाला, त्यांनीही जड बैठका आठवड्यातून दोनदा चालूच ठेवाव्या व उड्या मोजाव्या. कारण जाळी तीच, पटांगण तेच आणि दोरही तोच असतो.